मानेने चालणारा माऊस : आधी वेग, मग वेळ

मामू फुलंब्रीच्या बाजारात भुसार मालाच्या दुकानात हिशेब लिहायचे. तीन वर्षांपूर्वी कापसाने भरलेल्या गाडीवरून पडले आणि मानेच्या मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण दोन्ही हात खांद्याखाली निकामी झाले. आवाज शाबूत आहे, डोकं तर आधीपेक्षा तल्लख आहे. फोन मात्र दुसऱ्याने कानाला धरायचा आणि मेसेज दुसऱ्याने लिहायचा. जालन्याला दिलेल्या मुलीशी, आमच्या बाजीशी, त्यांना काही बोलायचं असलं की मुमानी किंवा लहान मुलगा मध्ये असायचाच. एकदा मामू मला म्हणाले, "बेटी, बाप आपल्या लेकीला काय लिहितो हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे का?"

बोलून टाईप करायची सोय फोनमध्ये असते, ती आम्ही आधी करून पाहिली. पण ती सगळ्यांना ऐकू जाते, आणि आमच्या घरच्या दक्खनीचं ती काहीतरी भलतंच मराठी करते. मी एका संगणक केंद्रात काम करते, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली. घरात जुना लॅपटॉप होता, पंधरा इंची, वर छोटा कॅमेरा असलेला. त्यावर eViacam हा मोफत प्रोग्राम टाकला. कॅमेरा चेहरा पाहतो, डोकं जिकडे हलेल तिकडे पडद्यावरचा बाण हलवतो, आणि बाण एका जागी ठरावीक वेळ थांबला की आपोआप क्लिक करतो. या थांबून होणाऱ्या क्लिकला ड्वेल क्लिक म्हणतात.

प्रोग्राम टाकायला दहा मिनिटं लागली. तो मामूंच्या मानेला बसवायला मात्र तीन आठवडे गेले, आणि त्यातला पहिला आठवडा मी चुकीच्या दिशेने घालवला. अशी वेळ आपल्यापैकी कुणाच्या घरी आली तर तो आठवडा वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी बाण थरथरत होता आणि नको तिथे क्लिक होत होतं. मामूंना कॅल्क्युलेटरवरचा 5 दाबायचा असे, दाबला जाई 8 किंवा 6. मला वाटलं, क्लिक फार लवकर होतंय. म्हणून थांबण्याचा वेळ एका सेकंदावरून दोन सेकंदांवर नेला. चुका कमी झाल्या नाहीत. उलट आता क्लिकच होईना. बाण आकड्यावर जाई, दीड सेकंद टिके, मग जरासा सरके आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. मामू दात आवळून मान रोखून धरत. पंधरा मिनिटांत खांद्यापासून कानापर्यंत सगळं आखडलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "राहू दे आता."

आत काय चाललेलं असतं ते समजलं की चूक कुठे होती ते दिसतं. बाण थांबला की प्रोग्राम त्याच्याभोवती मनातल्या मनात एक लहानसं वर्तुळ आखतो. ठरलेला वेळ बाण त्या वर्तुळात राहिला तर क्लिक होतं. बाहेर पडला तर मोजणी रद्द होते आणि नव्या जागी नवं वर्तुळ सुरू होतं. म्हणजे बाण किती वेळ थांबतो याच्याइतकंच थांबताना तो किती थरथरतो हेही महत्त्वाचं आहे. आणि ही थरथर येते वेगातून. डोकं कितीही स्थिर धरलं तरी श्वासाबरोबर, गिळताना, नाडीच्या ठोक्याबरोबर ते किंचित हलतंच. बाणाचा वेग जितका जास्त, तितक्याच पटीने ही बारीक हालचालही पडद्यावर मोठी होऊन दिसते. मामूंचा बाण "थांबलेला" असताना जवळजवळ आठ मिलिमीटर इकडेतिकडे फिरत होता, आणि कॅल्क्युलेटरची बटणं जेमतेम दीड सेंटिमीटरची होती. अशा वेळी थांबण्याचा वेळ वाढवणं म्हणजे थरथरत्या बाणाला आणखी जास्त वेळ स्थिर राहायला सांगणं. मी नेमकं तेच केलं होतं.

मग सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला थांबण्याच्या वेळेला सगळ्यात शेवटी हात लावायचं ठरवलं.

सुरुवात खाटेपासून केली. मामूंची खाट खिडकीला पाठ करून होती. मागून उजेड आला की कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो आणि तो नाक-गालांच्या खुणा नीट धरू शकत नाही. मग बाण आपोआप एका बाजूला वाहत जातो. आम्ही खाट फिरवली, खिडकी समोर आली. संध्याकाळसाठी एक बल्ब लॅपटॉपच्या मागे, चेहऱ्यावर उजेड पडेल असा लावला. उजेड कमी झाला की साधा कॅमेरा एका सेकंदात कमी चित्रं घेतो, त्यामुळे बाण अडखळत, उशिरा चालतो. वीज गेलेल्या संध्याकाळी बाण जड झाल्यासारखा वाटला तर दोष सेटिंगचा नसतो, अंधाराचा असतो.

पाठीमागे आता भिंत आली, त्याचे दोन फायदे झाले. मागून कुणी गेलं की कॅमेरा गोंधळत असे, ते थांबलं. शिवाय मुमानींची एक रास्त तक्रार होती : घरात बायका-मुली वावरतात, हा कॅमेरा दिवसभर काय बघतो आणि कुठे पाठवतो? मी इंटरनेट बंद करून दाखवलं. बाण तसाच चालत राहिला, कारण सगळं काम लॅपटॉपच्या आतच होतं. आणि कॅमेऱ्यासमोर आता मामू आणि भिंत, एवढंच उरलं होतं.

लॅपटॉप जेवणाच्या उंच टेबलावर, चेहऱ्यापासून सुमारे दोन फुटांवर, मामू उशांना टेकून बसतात त्या कोनात किंचित झुकवून ठेवला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मामूंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी हे गणित बिघडायचं. शेवटी टेबलाच्या पायांच्या जागा फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखून टाकल्या, एक बसण्यासाठी, एक डाव्या कुशीसाठी.

मग वेग. इथे माझी कसोटी साधी होती : मामूंना मान न ताणता बाण पडद्याच्या चारही कोपऱ्यांत नेता आला पाहिजे, आणि ते जमेल असा सगळ्यात कमी वेग ठेवायचा. वेग अगदी खाली आणला आणि एकेक पायरी वाढवत गेलो. डावं-उजवं लगेच जमलं. वर-खाली मात्र जमेना. वरच्या कडेला जायला मामू हनुवटी उचलत, पण बाण पडद्याच्या मध्यावरच अडे. याचं कारण त्यांच्या ऑपरेशनमध्ये होतं. मान डावी-उजवीकडे वळवण्याचं जवळपास निम्मं काम अगदी वरच्या दोन मणक्यांत होतं, आणि मामूंचे ते मणके शाबूत आहेत. पट्टी आणि स्क्रू लावून जोडलेले मणके त्याखालचे आहेत. त्यामुळे मान वळते बऱ्यापैकी, पण वर-खाली कमी झुकते. या प्रोग्राममध्ये आडवा आणि उभा वेग वेगवेगळा ठेवता येतो, हे मी पहिल्या आठवड्यात पाहिलंच नव्हतं. दोन्ही सरकपट्ट्या सारख्याच हलवत होते. उभ्यासाठी पुरेसा वेग ठेवला की आडवा बाण पळत सुटे, आणि आडवा शांत केला की उभा अडे. आता आडवा बराच खाली आणि उभा त्याच्याहून वर ठेवला. पाच मिनिटांत मामू चारही कोपरे फिरून आले.

ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर मान किती हलवायची हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि ही कसोटी रुग्ण ताजातवाना असताना एकदा आणि संध्याकाळी थकल्यावर एकदा, अशी दोनदा घ्यावी. सेटिंग संध्याकाळच्या मानेला जमेल तेच ठेवायचं.

वेगाच्या शेजारी आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे प्रवेग : डोकं जोरात हललं तर बाण जास्तच लांब जातो, हळू हललं तर कमी. तो थोडासा ठेवला की लांबचा पल्ला झटक्यात गाठता येतो आणि जवळ आल्यावर बाण ताब्यात राहतो. मामूंना अधूनमधून अंगात झटके येतात, म्हणून आम्ही तो अगदी कमी ठेवला. जास्त असता तर एका झटक्यात बाण पडद्याच्या टोकाला गेला असता. दुसरी गोष्ट म्हणजे गुळगुळीतपणा. हा वाढवला की प्रोग्राम थरथर गाळून टाकतो, पण त्याची किंमत उशिरात मोजावी लागते : डोकं थांबल्यावरही बाण थोडा पुढे घसरत जातो. तो जास्त झाला हे ओळखायची खूण म्हणजे माणूस बटण ओलांडून जातो आणि परत मागे येतो, पुन्हा पुन्हा. तसं दिसू लागलं की एक पायरी कमी करावी.

एवढं केल्यावर थरथर आठ मिलिमीटरवरून तीन-चारवर आली. मोजायची पद्धत अगदी घरगुती होती. मामूंनी पडद्याच्या मध्यावरच्या एका अक्षरावर बाण रोखून धरायचा, मी दहा सेकंद बाणाच्या फिरतीकडे पाहायचं आणि मग शेजारी पट्टी धरायची. थांबण्याचं वर्तुळ या थरथरीपेक्षा थोडंसंच मोठं हवं. लहान ठेवलं तर मोजणी सतत मोडते. फार मोठं ठेवलं तर माणूस एका बटणाकडून दुसऱ्याकडे हळूहळू जात असतानाच मध्ये क्लिक होऊन जातं.

मान अवघडू नये म्हणून एक युक्ती मामूंनी स्वतःच शोधली. दिवसभरात बाण आणि नाक यांचा मेळ बिघडतो. चेहरा समोर असतो आणि बाण पडद्याच्या डाव्या अर्ध्यात. अशा वेळी डोकं आणखी डावीकडे न्यायचं. बाण कडेला जाऊन अडतो, डोकं मात्र पुढे जात राहतं. मग डोकं सावकाश परत आणलं की बाणही मध्याकडे येतो. साधा माऊस टेबलाच्या कडेला गेला की आपण उचलून मागे ठेवतो ना, तसंच हे. मामू त्याला "गाडी मागे घेणं" म्हणतात.

आता शेवटी थांबण्याचा वेळ. दीड सेकंदापासून सुरू केलं आणि रोज एकच परीक्षा : कॅल्क्युलेटरवर 1 पासून 0 पर्यंत दहा आकडे ओळीने दाबायचे. आमचा घरचा नियम असा ठरला की तीन दिवस ओळीने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर आले तरच वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाने कमी करायचा, आणि सातच्या खाली आले तर एक पायरी परत वाढवायचा. घाई करायची नाही, कारण प्रत्येक चुकीचं अक्षर पुसायला एक क्लिक आणि परत लिहायला एक क्लिक लागतं. मराठीत "पोहोचलीस का" लिहायला अकरा वेळा बटणं दाबावी लागतात. दर बटणाला सव्वा सेकंद थांबणं आणि साधारण तेवढाच प्रवास धरला तर अर्ध्या मिनिटाच्या आत वाक्य होतं. त्यात दोन चुका झाल्या की दहा सेकंद वाढतात. म्हणजे अचूक येणारा सव्वा सेकंद हा चुकणाऱ्या एका सेकंदापेक्षा लवकर पोहोचवतो.

नको असताना होणारं क्लिक मात्र वेगळ्या जातीचं असतं, त्याचा उपाय वेळेत नाही. मामू काही वाचत बसले की बाण मजकुरावर थांबे आणि भलतंच पान उघडे. या क्षेत्रातले अभ्यासक याला ग्रीक कथेतल्या मिडास राजाचं नाव देतात. तो हात लावेल ते सोनं होई, आणि मग जेवणही जेवता येईना. इथे नजर किंवा बाण जिथे थांबेल तिथे क्लिक होतं. उपाय असा की बाणाला विसाव्याची जागा द्यायची. आम्ही पडद्याच्या डाव्या कडेला एक रिकामी पट्टी ठेवली आहे, तिथे क्लिक झालं तरी काही उघडत नाही. शिवाय प्रोग्रामच्या छोट्या खिडकीत क्लिक बंद ठेवायचंही बटण आहे. पाहुण्यांशी बोलताना मामू आधी ते निवडतात, कारण बोलताना जबडा हलतो आणि त्याबरोबर बाणही हलतो.

आणि बटण चुकून शेजारचंच दाबलं जात असेल, तर आधी बटण मोठं करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये सगळं 150 टक्के केल्यावर मामूंच्या अर्ध्या चुका तिथेच संपल्या. पडद्यावरचा कीबोर्डही (`osk` टाईप केलं की उघडतो) कोपऱ्याला धरून पूर्ण रुंदीचा केला. या कीबोर्डने आम्हाला दोन दिवस छळलं, तेही सांगते. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत होतं, "पपोोहहोो". मला वाटलं वेळ कमी पडतोय. खरं कारण असं की या कीबोर्डमध्ये बाण थांबला की अक्षर दाबण्याची स्वतःची वेगळी सोय आहे, आणि ती मीच कधीतरी सुरू केली होती. एक क्लिक eViacam करत होता, दुसरं कीबोर्ड. दोन्हींपैकी एकच चालू ठेवायचं.

मान अजिबात हलत नसेल तर डोळ्यांचा मार्ग उरतो, आणि तिथे हे गणित बदलतं. डोळ्यांच्या यंत्रात बाण नजर जिथे पडेल तिथेच उडी मारतो, त्यामुळे वेगाला फारसा अर्थ उरत नाही. त्याची जागा सुरुवातीला ठिपके पाहून करायच्या जुळवणीला येते. चांगल्या यंत्राचीही चूक अर्धा ते एक अंशाची असते, म्हणजे दोन फुटांवर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. म्हणून बटण दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. जुळवणी बिघडल्याची खूण अशी की बाण दर वेळी एकाच बाजूला, सारख्याच अंतराने चुकतो. तेव्हा वेळ बदलू नये, ठिपके पुन्हा पाहावेत. आयफोन 12 आणि त्यानंतरच्या फोनमध्ये 2024 पासून ही सोय फोनच्या आतच आली आहे. फोन मात्र हातात न धरता, सुमारे दीड फुटावर पक्का बसवलेला हवा.

डोळे कुठेही पाहताना क्षणभर, सेकंदाच्या पाव भागाएवढे, थांबतातच. त्यामुळे थांबण्याचा वेळ त्याच्या जवळपास आणला की नुसतं पाहिलं तरी क्लिक होतं. तरीही सराव किती पुढे नेऊ शकतो ते फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठातल्या 2009 च्या एका प्रयोगात दिसलं. तिथे माणसांना वेळ स्वतःच कमी-जास्त करू दिला. दहा बैठकींत सरासरी 876 मिलिसेकंदांवरून ती 282 वर आली आणि टाईप करण्याचा वेग मिनिटाला सुमारे 7 शब्दांवरून 20 वर गेला. ती सगळी धडधाकट माणसं होती, म्हणून आकडे तसेच्या तसे घरी लावू नयेत. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटली : वेळ कुणी बाहेरच्याने ठरवला नव्हता, वापरणाऱ्यानेच ठरवला होता.

ते वाचल्यावर मी सेटिंगच्या खिडकीचं चिन्ह मामूंच्या पडद्यावर, त्यांचा बाण पोहोचेल असं मोठं करून ठेवलं. तोवर प्रत्येक बदलासाठी ते मला हाक मारत होते. एका रविवारी गेले तर वेळ 1.1 वरून 0.9 वर आलेली होती, उभा वेगही एक पायरी खाली. मुमानी म्हणाल्या, रात्री बराच वेळ लॅपटॉप चालू होता, काय लिहीत होते ते ठाऊक नाही. मी मामूंना विचारलं. त्यांनी बाण डाव्या कडेच्या रिकाम्या पट्टीत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "बाजीला लिहिलं. तिचं उत्तरही आलं."

काय लिहिलं ते मी विचारलं नाही.